डॉलरचं फ्युचर की बँकेचं फॉरवर्ड? 34 पैशांचं कोडं

सुतारपक्षी

नमस्कार मंडळी. छोटा निर्यातदार आहे, लाकडी वस्तू बाहेर पाठवतो. एका ग्राहकाकडून 37,500 डॉलर यायचे आहेत, पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला. आज 5 तारीख. एवढ्या दिवसांत डॉलर घसरला तर माझा नफाच जाईल, म्हणून भाव आत्ताच बांधून ठेवायचा आहे.

बँकेकडे विचारलं. 20 तारखेच्या फॉरवर्डला, म्हणजे त्या दिवशी आज ठरलेल्या भावाने डॉलर घ्यायच्या कराराला, 85.06 देतो म्हणाले. त्याच वेळी ब्रोकरचा फोन आला, "साहेब, एक्स्चेंजवर पुढच्या महिन्याचं USDINR फ्युचर 85.40 ला विकलं जातंय, बँकेकडे कशाला जाता?" (स्पॉट, म्हणजे चालू बाजारभाव, तेव्हा 85.00 होता. आकडे हिशेबाला सोपे पडावेत म्हणून किंचित गोल केलेत.)

फरक 34 पैशांचा. 37,500 ला गुणलं तर 12,750 रुपये. माझ्यासारख्याला ही रक्कम सोडवत नाही. पण एवढा सरळ फायदा असता तर बँकेकडे फॉरवर्ड करायला कोण गेलं असतं, असंही वाटतं. यात नेमकी मेख कुठे आहे?

मनमौजी

मेख काही नाही. बँका मधल्या मध्ये खातात, एवढंच. फ्युचर आणि फॉरवर्ड एकच गोष्ट आहे, एक बाजारात मिळते, एक बँकेत. एक लॉट 1000 डॉलरचा. भाव 0.0025 च्या पटीत हलतो, म्हणजे पाव पैसा. एका टिकला एका लॉटमागे अडीच रुपये. तुम्ही 37 लॉट विकले तर प्रत्येक टिकला 92 रुपये 50 पैसे. एक्स्पायरीला तुमचे डॉलर 85.40 ने जातील. विषय संपला.

जुना_डीलर

मनमौजी, लॉट आणि टिक बरोबर सांगितलंत. शेवटचं वाक्य मात्र साफ चूक, आणि सगळी मेख त्याच वाक्यात आहे. एक्स्पायरीला कुणाचेच डॉलर कुठेही जात नाहीत. आपल्याकडचा डॉलर-रुपया वायदा, म्हणजे हेच फ्युचर, रोखीने मिटतो. विकलेला भाव आणि शेवटचा ठरलेला भाव यांतला फरक रुपयांत खात्यावर जमा होतो किंवा खात्यातून जातो. ग्राहकाने पाठवलेले खरे डॉलर तुम्हाला बँकेतच विकावे लागणार, आणि तेही त्या दिवशी बँक देईल त्या भावाने.

सुतारपक्षी, रात्री जरा सवडीने लिहितो. तोवर एक काम करा. परदेशातून आलेले पैसे रुपयांत करताना तुमची बँक बाजारभावापेक्षा किती पैसे कमी देते, ते मागच्या दोन-तीन पेमेंटच्या कागदांवर बघून ठेवा.

फिरस्ता

अगदी वेळेवर धागा आला! मुलगी बाहेर शिकते, पुढच्या सत्राची फी साधारण 12,000 डॉलर. मग मी आत्ताच 12 लॉट विकत घेऊन ठेवतो, म्हणजे एक्स्पायरीला 12,000 डॉलर आजच्या भावात हातात. ब्रोकरकडून ते थेट विद्यापीठाच्या खात्यात पाठवता येतात का?

जुना_डीलर

फिरस्ता, वर तेच लिहिलं हो. डॉलर हातात येणार नाहीत. भाव चढला तर फरकाचे रुपये मिळतील. ते आणि तुमचे मूळ रुपये घेऊन बँकेत जायचं आणि त्या दिवशीच्या भावाने डॉलर पाठवायचे. भाव उतरला तर वायद्यात नुकसान होईल, पण बँकेत डॉलर स्वस्त पडतील. हिशेब जुळतो, पण ही दोन वेगळी कामं आहेत आणि ती दोन वेगळ्या ठिकाणी होतात.

दर्यावर्दी

सगळीकडे असं नसतं बरं का. शिकागोच्या सीएमईवर युरोचा वायदा 1,25,000 युरोचा, टिक 0.00005, म्हणजे एका टिकला 6.25 डॉलर. तिथे शेवटपर्यंत पोझिशन ठेवली तर खरोखर युरो द्यावे-घ्यावे लागतात, महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी. त्यामुळे "वायद्यात चलन मिळत नाही" हा सरसकट नियम नाही.

जुना_डीलर

बरोबर, सरसकट नाही. आणि फॉरवर्ड म्हणजे डॉलर हातात, हेही सरसकट नाही. बाहेरच्या बाजारात रुपयाचे नॉन-डिलिव्हरेबल फॉरवर्ड चालतात, तेही फरकावरच मिटतात. म्हणून आधी आपला करार कसा मिटतो ते वाचायचं. सुतारपक्षींसमोरचा वायदा रोखीचा आहे आणि बँकेचं फॉरवर्ड प्रत्यक्ष डॉलर घेणारं आहे. आपण त्यावरच बोलू.

सुतारपक्षी

कागद काढले. मागच्या तिन्ही वेळा बँकेने त्या वेळच्या बाजारभावापेक्षा 18 ते 22 पैसे कमी दिलेत. इतके दिवस कधी बघितलंच नव्हतं. 😐

जुना_डीलर

मग 20 पैसे धरू. आता तुमचे 34 पैसे एकेक करून सोडवू.

आधी तारीख. वायद्याचा शेवटचा दिवस म्हणजे महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसाच्या दोन कामाचे दिवस आधी, आणि त्या दिवशी व्यवहार दुपारी साडेबाराला बंद होतात. समजा महिन्याचा शेवटचा कामाचा दिवस 31, मंगळवार आहे. 30 ला सोमवार, मध्ये शनिवार-रविवार, म्हणजे शेवटचा दिवस शुक्रवार 27. मध्ये सुट्टी आली की तो आणखी मागे सरकतो, म्हणून तारीख दर वेळी एक्स्चेंजच्या यादीत बघायची.

दोनच दिवस आधी का? स्पॉट डॉलरचा सौदा दोन कामाच्या दिवसांनी मिटतो. 27 ला ठरलेला स्पॉट भाव हा 31 ला द्यायच्या-घ्यायच्या डॉलरचा भाव असतो. म्हणजे हा वायदा दिसायला 27 चा, पण किमतीने महिनाअखेरचा. 85.40 मधले 40 पैसे म्हणजे आजपासून महिनाअखेरपर्यंतचा प्रीमियम. तुमचे डॉलर येणार 20 ला. 20 ते 31 या दिवसांचा प्रीमियम तुमचा नव्हेच. या आकड्यांत तो साधारण 8 पैसे. तुम्ही 20 ला वायदा परत विकत घ्याल तेव्हा तो स्पॉटपेक्षा तेवढा वरच असेल, आणि ते 8 पैसे तिथेच राहतील.

आता 34 तले 8 गेले. राहिले 26.

पुढे बँक. फॉरवर्डच्या 85.06 मध्ये बँकेचा वाटा आधीच कापलेला आहे, 20 ला आणखी काही कापणार नाही. वायद्याच्या 85.40 मध्ये तो कापलेला नाही. 20 ला तुम्ही खरे डॉलर घेऊन त्याच बँकेत जाल आणि ती 20 पैसे घेईल. राहिले 6.

मग लॉट. 37,500 ला लॉट येतात साडेसदतीस. अर्धा लॉट मिळत नाही. 37 विकलेत तर 500 डॉलर उघडे राहतात, 38 विकलेत तर 500 डॉलर तुमच्याकडे नसताना विकल्यासारखे होतात. तुमच्या रकमेला हा प्रश्न किरकोळ आहे. 2,600 डॉलर असते तर नसता.

तुमची भीती खरी ठरली आणि 20 ला स्पॉट 84.60, वायदा 84.68 झाला असं धरा. 37 लॉट परत घेतले, डॉलरमागे 72 पैसे सुटले: 26,640 रुपये. बँकेने डॉलर 84.40 ने घेतले: 31,65,000. एकूण 31,91,640. डॉलरमागे पडले 85.11. फॉरवर्ड केलं असतं तर 37,500 गुणिले 85.06, म्हणजे 31,89,750.

फरक 1,890 रुपये. त्यातून ब्रोकरची दलाली आणि एक्स्चेंजचे आकार वजा करा.

रोखठोक

12,750 चे 1,890! त्या ब्रोकरने खोटं काही सांगितलं नाही, फक्त दोन वेगळ्या तारखांचे भाव शेजारी ठेवले. ही कला आहे.

एवढ्यासाठी ट्रेडिंग खातं, मार्जिनची अनामत, रोजचं बघणं? दिलं असतं बँकेला.

मनमौजी

पण फायदा झालाच ना? आणि डॉलर वर गेला असता तर?

केतकी_लेखापाल

वर गेला असता तर काय होतं ते मी सांगते, माझ्या एका अशिलाकडे झालंय. नाव-गाव नाही सांगत.

त्यांनीही असेच वायदे विकले होते. आठवड्याभरात डॉलर चढला. वायद्यात मार्क-टू-मार्केट रोज होतं, म्हणजे त्या दिवशीचा तोटा दुसऱ्या दिवशी खात्यातून रोख जातो. सुतारपक्षींच्या आकड्यांत बोलायचं तर 12 तारखेला वायदा 87.00 झाला, की लॉटमागे 1,600 रुपये, 37 लॉटचे 59,200. ते आधीच भरायचे. तुमच्या येणाऱ्या डॉलरचं मोल तेवढंच वाढलंय हे खरं, पण ते वाढलेले पैसे ग्राहकाकडून यायला अजून आठ दिवस आहेत. कागदावर सगळं बरोबर, खात्यात खड्डा.

आमच्या अशिलाने पगाराचे पैसे त्यात घातले, मग एक दिवस भरणा उशिरा झाला. ब्रोकरने अर्धी पोझिशन कापली, तीही त्या दिवशीच्या सर्वांत चढ्या भावाजवळ. दोन दिवसांनी डॉलर उतरला. वायद्यातला तोटा पदरात, आणि अर्धे डॉलर उघडे पडून त्यांच्यावरही मार. फॉरवर्डमध्ये हे झालं नसतं. बँकेने त्यांची कर्जमर्यादा अडवली असती, थोडं मार्जिन घेतलं असतं, पण रोजचा हिशेब मागितला नसता.

जुना_डीलर

केतकीताईंनी सांगितलं ते माझ्या 1,890 पेक्षा महत्त्वाचं. 59,200 रुपयांवर आठ-दहा दिवसांचं व्याज दोनशे रुपयेसुद्धा होत नाही. प्रश्न व्याजाचा नाही, तेवढी रोख त्या सकाळी खात्यात असण्याचा आहे. सुरुवातीच्या मार्जिनखेरीज, भाव दोन रुपये विरुद्ध गेला तर भरता येतील एवढे पैसे बाजूला ठेवता येत असतील तरच वायद्याकडे वळा. 37 लॉटना ते होतात 74,000.

तुमच्यावर ही वेळ येतेय हे ओळखायची खूण सोपी आहे. ब्रोकरच्या रोजच्या पत्रकावर मोकळी शिल्लक आणि लागणारं मार्जिन शेजारी लिहिलेलं असतं. मोकळी शिल्लक 37,000 च्या खाली आली, म्हणजे भाव आणखी एक रुपया गेला तर तुम्ही संपलात. फोन यायची वाट बघायची नाही.

सुतारपक्षी

आता खरा प्रश्न विचारतो. आमचा ग्राहक वेळेवर देईलच असं नाही. मागे एकदा 20 ऐवजी पुढच्या महिन्याच्या 9 ला दिले होते. मग 27 ला साडेबाराला काय होईल?

जुना_डीलर

काही केलं नाहीत तर वायदा आपोआप मिटेल, फरक महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी खात्यावर येईल किंवा जाईल, आणि 27 च्या दुपारपासून तुमचे 37,500 डॉलर पूर्ण उघडे. 9 ला डॉलर 83 झाला तर कोणी विचारणार नाही. लोक इथेच फसतात. वायदा "संपला" म्हणजे संरक्षण संपलं, हे लक्षात येत नाही, कारण खात्यात पैसे आलेले दिसतात आणि काम झाल्यासारखं वाटतं.

उपाय रोलओव्हर. 27 च्या आधी चालू महिन्याचे 37 लॉट परत घ्यायचे आणि पुढच्या महिन्याचे 37 विकायचे. या आकड्यांत पुढचा महिना 22 पैशांनी वर असेल, म्हणून विकणाऱ्याला तो प्रीमियम मिळतो. पण दोन्ही सौद्यांत खरेदी आणि विक्रीच्या भावातलं अंतर सोसावं लागतं. चालू आणि पुढच्या महिन्यात ते अंतर बरं असतं. त्यापुढचे महिने पडद्यावर दिसतात, वर्षभराचे दिसतात, पण तिथे गिऱ्हाईक तुरळक. टिक पाव पैशाची आहे म्हणून भावही पाव पैशाच्या अंतरावर मिळेल असं धरू नका.

मनमौजी

पण फॉरवर्डमध्येही उशीर झाला तर बँक दंड लावतेच की.

जुना_डीलर

दंड नव्हे, हिशेब. 20 ला डॉलर आले नाहीत तर बँक जुना करार त्या दिवशीच्या भावाने रद्द करते आणि 9 तारखेचा नवा करते. तेव्हा डॉलर चढलेला असेल तर रद्द करण्याचा फरक रोख द्यावा लागतो, म्हणजे वायद्यासारखीच गत, फक्त रोज थोडं थोडं नाही, एकदम. आणि दोन्ही वेळा बँकेचा वाटा. याबाबतीत तुमचं म्हणणं निम्मं बरोबर.

ज्यांची तारीख डळमळीत असते त्यांनी बँकेकडून खिडकी मागावी: 10 ते 20 यांमध्ये कधीही डॉलर देईन असा करार. मात्र डॉलर प्रीमियमवर असताना निर्यातदाराला प्रीमियम 10 तारखेपर्यंतचाच मिळतो, कारण बँक तुम्ही सर्वांत गैरसोयीच्या दिवशी याल असं धरून चालते. सुतारपक्षींच्या ग्राहकाची सवय बघता खिडकी पुढे, म्हणजे 20 ते पुढच्या 9 पर्यंत मागावी, आणि प्रीमियम 20 चा मिळेल. वाईट नाही.

केतकी_लेखापाल

साडेबाराचं अजून एक. एका अशिलाने शेवटच्या दिवशी साडेबाराला पडद्यावर 84.55 बघितलं आणि त्यावर हिशेब करून मोकळा झाला. मिटला भाव 84.6215 ने. विकलेले 37 लॉट असते तर 2,645 रुपये पन्नास पैसे कमी. तो ब्रोकरशी भांडला. ब्रोकरची काही चूक नव्हती.

रोखठोक

मग चूक कुणाची? शेवटचा सौदा झाला तो भाव नाही तर कुठला?

जुना_डीलर

चूक कुणाचीच नाही. शेवटचा भाव वायद्याच्या शेवटच्या सौद्यावर ठरत नाही, त्या दिवशीच्या संदर्भ दरावर ठरतो. आधी तो रिझर्व्ह बँक काढायची, जुलै 2018 पासून एफबीआयएल ही संस्था काढते. साडेअकरा ते साडेबारा या तासातली कुठलीतरी पंधरा मिनिटं यदृच्छेने निवडतात आणि त्या वेळात झालेल्या बँकांमधल्या सौद्यांवरून दर काढतात. कुठली पंधरा मिनिटं, ते आधी कुणाला माहीत नसतं. मुद्दामच, नाहीतर त्या पंधरा मिनिटांत भाव ढकलायला मंडळी रांग लावतील. दर जाहीर होतो तो दुपारी दीडच्या सुमारास. तोवर वायदा बंद होऊन तास झालेला असतो.

त्यामुळे बारा वाजून दहाला डॉलर अचानक हलला तर पडद्यावरचा शेवटचा भाव आणि मिटलेला भाव यांत काही पैसे पडणारच. ते आवडत नसेल तर शेवटच्या दिवसाच्या आत, बाजार चालू असताना स्वतः परत घ्यायचं. मी ओळखीच्यांना हेच सांगायचो: ज्या दिवशी बँकेत डॉलर विकाल त्या दिवशी, त्याच सुमाराला वायदा परत घ्या. दोन्ही एका तासात झाले तर मधली हालचाल फार छळत नाही. सकाळी बँक आणि दुपारी वायदा असं केलंत, की मधल्या वेळेचा सट्टा तुम्ही नकळत खेळलात.

मनमौजी

येनसाठी पण असंच का? JPYINR चा लॉट 1,00,000 येन, म्हणजे एका टिकला 0.0025 गुणिले एक लाख, अडीचशे रुपये. फारच जड.

केतकी_लेखापाल

नाही हो! तो भाव 100 येनचा असतो. आधी एक लाखाला शंभराने भागायचं, हजार येतात, मग 0.0025. तिथेही टिकला अडीच रुपयेच. आमच्याकडे एकाने ही चूक एक्सेलमध्ये केली होती आणि तोटा शंभरपट दिसून जेवण सोडून ऑफिसला आला होता.

मनमौजी

अच्छा 😅 घेतलं मागे.

बरं, माझी निर्यात-आयात काही नाही. पण रुपया घसरतच असतो, तर नुसतेच लॉट घेऊन ठेवावेत असा विचार आहे.

जुना_डीलर

तो विचार सोडा. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2024 च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आणि 3 मे 2024 पासून ते लागू आहे: रुपयाच्या वायद्यात यायचं तर खरं देणं-घेणं असलं पाहिजे. 10 कोटी डॉलरपर्यंत त्याचा पुरावा आधी दाखवावा लागत नाही. पण पुरावा मागत नाहीत याचा अर्थ देणं-घेणं नसलं तरी चालतं असा नाही. त्यानंतर बाजारातली उलाढाल किती आटली ते मे 2024 च्या आधीचे आणि नंतरचे आकडे काढून बघा. मी वर "गिऱ्हाईक तुरळक" म्हटलं त्यातला मोठा भाग तिथून आला.

आणि रुपया घसरतच असतो म्हणता, पण ती घसरण प्रीमियममध्ये आधीच धरलेली असते. 85.00 चा डॉलर तुम्ही 85.40 ला घेताय. महिनाअखेरीस तो 85.30 झाला तर रुपया घसरला आणि तुमचाही तोटा झाला.

रोखठोक

हे शेवटचं वाक्य मला तीनदा वाचावं लागलं. पटलं.

फिरस्ता

म्हणजे माझं देणं आहे, फी. मी नियमात बसतो ना? पण डॉलर मिळणार नाहीत. मग मी बँकेकडेच जातो. फीचं पत्र आल्यावर फॉरवर्ड देतात का लहान माणसाला?

केतकी_लेखापाल

नियमात बसता. देणं खरं आहे, तर बँकेकडून फॉरवर्डही घेता येतं. पण 12,000 डॉलरला शाखेत उत्साह दिसेलच असं नाही, पाठपुरावा करावा लागेल. परकीय चलन बघणाऱ्या शाखेतच जा, घराजवळच्या शाखेत "असं काही नसतं" ऐकायला मिळण्याची शक्यता जास्त.

सुतारपक्षी

सगळ्यांचे आभार. आज बँकेत गेलो होतो. जुना_डीलर यांचं सोडवलेलं कोडं कागदावर लिहून नेलं. 20 तारखेपर्यंतचा बँकांमधला भाव 85.32 च्या आसपास येतो हे दाखवलं आणि म्हटलं, म्हणजे तुम्ही 26 पैसे घेताय, पण पैसे आल्यावर रुपयांत करताना 20 घेता, फॉरवर्डला 6 जास्त का? अधिकारी जरा चमकले. वरिष्ठांशी बोलून सांगतो म्हणाले. संध्याकाळी फोन आला: 85.12.

रोखठोक

म्हणजे वायद्याच्या 85.11 पेक्षा वर! आणि ब्रोकरच्या एका फोनमुळे.

जुना_डीलर

वा. एवढ्या सौद्याला 20 पैसे म्हणजे बरे मिळाले. लेखी घ्या, आणि रद्द केल्यास वेगळा आकार आहे का तेही त्यातच लिहून घ्या.

पण फोनवर भाव सांगितला म्हणजे सौदा झाला असं नाही. 85.12 हा त्या क्षणाचा भाव. उद्या सकाळी स्पॉट हलला की तोही हलणार. तुम्ही 20 पैशांवर अडून बसा, 85.12 वर नाही.

सुतारपक्षी

हो का, हे लक्षात नव्हतं आलं. उद्या दहाला जातो. खिडकी 20 ते 9 अशी मागितली तर भाव किती कमी होईल ते मात्र त्यांनी अजून सांगितलेलं नाही. "बघून सांगतो" म्हणाले.

जुना_डीलर

कमी व्हायला नको. खिडकीची सुरुवात 20 आहे, प्रीमियम 20 चाच. कमी केला तर का, ते विचारा. त्यांचं उत्तर इथे लिहा, मलाही बघायचंय.

मनमौजी

आणि समजा ग्राहकाने 15 लाच पैसे टाकले तर?

केतकी_लेखापाल

तर 20 पर्यंत डॉलर खात्यातच थांबवता येतात का ते बघायचं. निर्यातदारांचं परकीय चलनाचं खातं असतं त्यासाठी. सुतारपक्षी, तुमचं आहे का तसं?

सुतारपक्षी

नाही. उद्याच्या यादीत तेही लिहिलं.